पाळीतल्या कळांसाठी ओवा, बडीशेप, अद्रक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाळीत पोट दुखतंच कशाने? सगळ्यांचं सारखं का दुखत नाही?

पाळी येण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. त्याने गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि तिथल्या रक्तवाहिन्याही आकसतात. स्नायूला रक्त कमी पडलं की कळ येते. पिंडरीत गोळा आल्यावर जसं होतं, तसाच हा प्रकार पोटात होतो. रसायन जास्त तयार झालं तर ते रक्तात उतरतं, आणि मग मळमळ, उलटी, पातळ शौच, डोकेदुखी हे सगळं सोबत येतं. म्हणून "पाळी आली की पोटही बिघडतं" ही तक्रार खरी असते, तिखट शेवभाजीवर दरवेळी खापर फोडू नये.

या साध्या दुखण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. रक्तस्राव सुरू होण्याच्या थोडं आधी किंवा त्याच्यासोबत कळा सुरू होतात, पहिल्या दिवशी जोर असतो आणि दोन-तीन दिवसांत सगळं शांत होतं. दुखणं ओटीपोटाच्या मधोमध असतं, कंबर धरते, मांड्या भरून येतात. पहिली पाळी आल्यावर लगेच असं दुखत नाही. साधारण सहा महिने ते दोन वर्षांनी, बीज नियमित तयार व्हायला लागल्यावर ते सुरू होतं. हे वेळापत्रक नीट लक्षात ठेवा. काढा पुरेल की तपासणी लागेल, हे पुढे यावरूनच ठरणार आहे.

तिन्हींपैकी जास्त उपयोगी कोण?

अद्रक. पाळीच्या दुखण्यावर अद्रकाच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणी सुंठेची पूड दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम, पाळीचे पहिले तीन-चार दिवस दिली होती, आणि औषध नसलेली नकली पुडी घेणाऱ्यांपेक्षा ती घेणाऱ्या मुलींचं दुखणं कमी झालं. चाचण्या लहान होत्या, त्यामुळे पुरावा भक्कम म्हणता येणार नाही, पण दिशा बरी आहे. अद्रक प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यावरच थोडा लगाम घालतं, आणि मळमळीवरही चालतं.

बडीशेप दुसऱ्या नंबरावर. तिच्यातलं ॲनेथॉल नावाचं तेल स्नायू सैल करतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने पाळीतल्या किरकोळ कळांसाठी बडीशेपेचा चहा पारंपरिक वापर म्हणून मान्य केला आहे. त्यासाठी त्यांनी दिलेलं माप असं: दीड ते अडीच ग्रॅम ताजी कुटलेली बडीशेप पाव लिटर उकळत्या पाण्यात १५ मिनिटं झाकून ठेवायची, दिवसातून तीनदा घ्यायची.

ओव्याबद्दल घराघरात जितका विश्वास आहे तितका पुरावा नाही. पोटातला वायू मोकळा करायला तो उत्तम, आणि पाळीत आतडंही फुगलेलं असतं, म्हणून ओव्याने बरं वाटतं. गर्भाशयाच्या कळेवर त्याचा थेट जोर फारसा धरू नका.

काढा नेमका कसा करायचा?

एका वेळच्या कपासाठी दोन कप, म्हणजे साधारण ३०० मिली पाणी घ्या. अद्रकाचा ५ ग्रॅमचा तुकडा, म्हणजे अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढा, धुऊन सालासकट किसा. पाण्यात टाकून झाकण ठेवा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. पाणी दीड कपावर आलं की गॅस बंद करा.

आता, गॅस बंद झाल्यावरच, एक चहाचा चमचा बडीशेप (सुमारे २ ग्रॅम) आणि अर्धा चमचा ओवा (सुमारे १ ग्रॅम) खलबत्त्यात नुसता फोडून त्यात टाका. पीठ करायचं नाही, दाणा फुटला पाहिजे इतकंच. लगेच झाकण ठेवा आणि बारा-पंधरा मिनिटं हात लावू नका. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच झटका. बडीशेपेचं आणि ओव्याचं तेल वाफेबरोबर वर जाऊन त्या थेंबांत बसलेलं असतं. मग गाळा, हवा तर गूळ घाला आणि कोमट असताना घोट घोट घ्या.

दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर घ्या. सकाळीच तिन्ही वेळचा करून ठेवून दिवसभर गरम करत बसू नका. दरवेळच्या उकळीत तेल उडतं.

आमच्याकडे सगळं एकत्र टाकून चांगलं अर्धा तास आटवतात. ते चूक का?

अद्रकासाठी चूक नाही, त्याचा तिखटपणा उकळूनच पाण्यात उतरतो. ओवा आणि बडीशेप यांचा गुण मात्र उडणाऱ्या तेलात असतो. घरभर ओव्याचा वास सुटला की काढा झकास झाला असं आपल्याला वाटतं, पण तो वास कपातून निघूनच घरभर पसरलेला असतो. आटवलेल्या काढ्यात उरतो कडवटपणा आणि जळजळ.

दुसरी नेहमीची चूक मापाची. "जास्त टाकलं तर लवकर उतरेल" म्हणून मूठभर ओवा पडतो. मग तोंड पोळतं, छातीत जळजळ होते आणि रिकाम्या पोटी घेतला असेल तर उलटीही होते. पाळीमुळे होणारी उलटी कोणती आणि काढ्याची कोणती, हेही मग कळत नाही.

अद्रक नसेल तर सुंठ चालते का?

चालते, आणि माप काटेकोर ठेवायचं असेल तर सुंठच बरी. बहुतेक चाचण्या पुडीवरच झाल्या आहेत. सपाट पाव चमचा सुंठपूड, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दिवसातून तीनदा गुळात कालवून किंवा कोमट पाण्यात ढवळून घ्या. काढा गाळल्यावर चोथा आपण टाकून देतो. पूड मात्र पूर्ण पोटात जाते. अद्रक वाळताना त्याच्यातला तिखट घटक बदलून आणखी तिखट होतो, म्हणून सुंठ ताज्या अद्रकापेक्षा लवकर लागते. आम्लपित्ताचा त्रास असेल तर हे लक्षात असू द्या.

दुकानातून काय बघून आणायचं?

बडीशेप आणि बाळंतशेप या वेगळ्या वस्तू आहेत. बाळंतशेप म्हणजे शेपूच्या भाजीचं बी. ते चपटं, तपकिरी असतं आणि कडेला फिकट झालर असते. बडीशेप लांबट, हिरवट-पिवळी, चावल्यावर गोड लागते. किराणा दुकानात नुसतं "शेप द्या" म्हटलं की कधी एक हाती येतं, कधी दुसरं.

फार हिरवीगार बडीशेप दिसली तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा, रंग उतरला तर ती घेऊ नका. मुखवासाची साखर लावलेली बडीशेप काढ्याला निरुपयोगी. ओवा तळहातावर चोळला की नाकात झणका गेला पाहिजे. वास येत नसेल तर तो जुना आहे, त्याचा काढा करून फक्त गरम पाणी मिळेल.

कधी सुरू करायचा? आम्ही कळा आल्या की लगेच करतो.

कळा येईपर्यंत ते रसायन तयार होऊन गेलेलं असतं. पाळी नियमित असेल तर तारखेच्या दोन दिवस आधीपासून सुरू करा आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशी थांबवा. सुंठेच्या एका चाचणीत दोन दिवस आधी सुरू करणाऱ्या मुलींचं दुखणं कमी वेळ टिकलं होतं. तारीख मागेपुढे होत असेल तर कंबर धरणं, छाती जड होणं अशी तुमची ठरावीक चाहूल ओळखून सुरू करा. महिनाभर रोज घेण्यात फायदा नाही.

मात्र तारीख उलटून गेली असेल आणि दिवस राहण्याची शक्यता असेल, तर "पाळी उतरावी" म्हणून असले काढे मुळीच घेऊ नका. आधी लघवीची चाचणी करा.

मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत गरम काढा प्यायचा का?

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात हा प्रश्न रास्त आहे. काढा गरमच प्यायला पाहिजे असं काही नाही. झाकण ठेवूनच निवू द्या आणि साधा गार घ्या, गुण तोच राहतो. उन्हाळ्यात खरी अडचण पाण्याची असते. उलट्या किंवा जुलाब होत असतील तर तीन कप काढ्यावर भागत नाही, वेगळं पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी लागतं.

शेकायची पिशवी मात्र उन्हाळ्यातही उपयोगी आहे. ओटीपोटावर १५-२० मिनिटं सोसवेल इतकी गरम पिशवी, फडक्यात गुंडाळून. तिचा गुण काढ्यापेक्षा कमी तर नाहीच, कदाचित जास्तच. पिशवी पोटावर ठेवून झोपी जाऊ नका, कातडी भाजते किंवा जाळीसारखे काळपट डाग पडतात.

पाळीत केळी, दही खाल्लं तर दुखणं वाढतं ना?

नाही. रावेर-यावलमध्ये राहून चार दिवस केळी वर्ज्य करण्याचं काही कारण नाही. उलट उलटी होत असताना पोटात टिकणाऱ्या गोष्टींपैकी केळी एक आहे. टाळायचंच तर जेवणाबरोबरचा कोरा किंवा दुधाचा चहा टाळा. चहापत्तीने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि अंगावरून जास्त जात असेल तर लोहाचीच गरज असते.

काढा कोणी घेऊ नये?

गरोदर बाई, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेली, पित्ताशयात खडे असलेली, पोटात अल्सर असलेली, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. धने, जिरे, शेपू यांची ॲलर्जी असेल तर ओवा आणि बडीशेपही बाधू शकते, ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. ऑपरेशन ठरलेलं असेल तर तुम्ही अद्रकाचा काढा घेता हे भूलतज्ज्ञांना सांगा.

मग गोळी घ्यायची की काढा? गोळीची सवय लागते म्हणतात.

महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या दुखण्याच्या गोळीची सवय लागत नाही. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवून, आठ-आठ तासांनी, दोन ते तीन दिवस, हा मोठ्या मुलींसाठी आणि बायकांसाठी नेहमीचा डोस आहे. ती प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, म्हणून कळेची पहिली चाहूल लागताच घ्यायची. "बघू, सहन होतं का" म्हणत दुपारपर्यंत थांबून घेतलेली गोळी अर्धीच लागू पडते आणि दोष गोळीला जातो. काढा आणि गोळी एकाच दिवशी चालतात, पोटात जळजळ झाली तर काढा बंद करा.

अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दम्याचा त्रास किंवा डेंग्यूचा संशय असताना ही गोळी घेऊ नका. दिवस राहण्याची शक्यता असेल तरीही नको. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलवर सर्रास मिळतात. त्यांच्याबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस एक इशारा दिला. क्वचित कोणाला या गोळीने काही आठवड्यांनी अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं असा गंभीर त्रास होतो. तसं दिसलं तर गोळी थांबवून दवाखाना गाठायचा.

किती महिने काढ्यावर भागवायचं? तपासणीची वेळ आली हे कसं कळेल?

तीन पाळ्या. काढा वेळेवर, गोळी वेळेवर, शेक, एवढं करून तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर कारण दुसरं असू शकतं. त्यासाठी वहीत रोज चार गोष्टी लिहा: दुखणं दहापैकी किती, रक्तस्राव सुरू होता का, किती पॅड लागले, शौच-लघवीला त्रास झाला का. डॉक्टरांपुढे "खूप दुखतं" म्हणण्यापेक्षा या वहीचं पान जास्त बोलतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, चोपडा तालुक्यातली २३ वर्षांची मुलगी आहे. कॉलेजात असताना तिला पहिल्याच दिवशी दुखायचं, आता वर्षभरात वाढलंय. पहिल्या महिन्यात तिने फक्त काढा घेतला. पहिल्या दिवशीचं दुखणं आठवरून सहावर आलं, उलटी थांबली. वाटलं, लागू पडलं. दुसऱ्या महिन्यात काढ्यासोबत वेळेवर गोळी घेतली, पहिला दिवस चारवर आला. पण वहीत आणखी काही दिसतं: पाळीच्या चार दिवस आधीच तीन-चार इतकं दुखणं सुरू आहे, आणि पाळी संपल्यावरही दोन दिवस आहे. तिसऱ्या महिन्यात पाळीत शौचाला बसलं की आत खोलवर कळ येते, असं तिने लिहिलं.

इथे पहिल्या दिवसाचा आकडा उतरला म्हणून समाधान मानलं तर फसगत होते. साधं दुखणं तीन दिवसांचं असतं, हे नऊ-दहा दिवसांवर गेलं. ते वेळापत्रक मोडतंय. शिवाय शौचाच्या वेळची कळ एंडोमेट्रिओसिसकडे बोट दाखवते. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतो आणि दर पाळीला तिथेही सूज येते, त्या आजाराचं हे नाव. तिची सोनोग्राफी झाली आणि डाव्या अंडाशयावर जुन्या रक्ताने भरलेली चार सेंटिमीटरची गाठ निघाली, तर डॉक्टर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतील. पुढे हार्मोनच्या गोळ्या की दुर्बिणीतून ऑपरेशन, हे वय, दुखणं आणि मूल कधी हवं यावर ठरतं. काढा त्या गाठीला काही करत नाही.

आणखी कोणत्या खुणा आहेत?

आधी न दुखणाऱ्या बाईला पंचविशी-तिशीनंतर नव्याने दुखायला लागणं. दर महिन्याला दुखणं वाढत जाणं. संबंधाच्या वेळी आत दुखणं. पॅड एक-दोन तासांत भरणं, मोठ्या गाठी पडणं, पाळी आठ दिवसांपुढे लांबणं; यात गर्भाशयातल्या गाठी किंवा ॲडिनोमायोसिस, म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरणं, असू शकतं. वर्षभर प्रयत्न करून मूल न राहणं.

एक खूण आयांच्या नजरेतून सुटते: मुलगी पंधराची झाली, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला चार-पाच दिवस पोट दुखतं. योनीमुखाचा पडदा पूर्ण बंद असल्याने आत रक्त साचत असेल. हे छोट्या ऑपरेशनने सुटतं, पण काढ्यांत वर्ष घालवू नये.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोराची कळ, चक्कर, थोडं रक्त: गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते, त्यात जीव जाऊ शकतो. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या: अंडाशयाला पीळ पडला असू शकतो, त्यात काही तासच हाताशी असतात. ताप, घाण वासाचा स्राव आणि ओटीपोट दाबलं तरी दुखणं: आत संसर्ग. तासाला एक पॅड असं दोन-तीन तास भरत राहणं. या चारांत काढा चुलीवर ठेवण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टर काय काय तपासण्या सांगतील?

सुरुवातीला लघवीची गर्भचाचणी, लघवीची साधी तपासणी आणि रक्तात हिमोग्लोबिन. मग ओटीपोटाची सोनोग्राफी. पोटावरून करायची तर लघवीची पिशवी भरलेली लागते. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका, नाहीतर केंद्रावर तासभर बसवून ठेवतात. आतून करायची असेल तर पिशवी रिकामी ठेवतात. संबंध न आलेल्या मुलींची सहसा पोटावरूनच करतात, आतून करतील ही भीती मनात ठेवून तपासणी टाळू नका.

रिपोर्टवर "नॉर्मल" लिहून आलं तरी विषय संपत नाही. एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, गाठ असेल तरच दिसते. वहीतल्या नोंदी तशाच राहिल्या तर स्त्रीरोगतज्ज्ञ औषध चालू करून बघतात, गरज पडली तर एमआरआय किंवा दुर्बिणीची तपासणी सांगतात. सीए-१२५ ही रक्तचाचणी मात्र या निदानासाठी भरवशाची नाही, ती पाळीतही वाढते.

सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्ल, पावरा घरांतल्या मुलींसाठी एक वेगळी तपासणी लक्षात ठेवा: सिकलसेल. या आजारात हाडं, सांधे, पोट दुखण्याचे झटके येतात आणि काही मुलींना ते पाळीच्या वेळेलाच येतात. पाळीत पोटासोबत हातपाय, पाठ, छातीही दुखत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, तर सिकलसेलची चाचणी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते. हा आजार असेल तर दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि पाणी कमी पडू द्यायचं नाही.

"लग्न झालं, मूल झालं की थांबेल" असं सगळे सांगतात. थांबायचं का?

साधं दुखणं बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं खरोखर कमी होतं, म्हणून हे वाक्य टिकून आहे. पण ज्या मुलीला एंडोमेट्रिओसिस आहे, तिला मूल राहण्यातच अडचण येऊ शकते. तिला लग्नापर्यंत थांबायला सांगणं म्हणजे आजाराला तेवढी वर्षं देणं.

कुठे दाखवायचं? मुलगी डॉक्टरांपुढे बोलत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त-लघवी होते, सोनोग्राफीसाठी बहुधा उपजिल्हा रुग्णालयात किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात जावं लागतं. सोनोग्राफीचा दिवस आधी विचारून घ्या, रोज होतेच असं नाही. घाई नसेल तर पाळी संपल्यावरच्या चार-पाच दिवसांतली वेळ घ्या.

मुलगी बोलत नसेल तर वही पुढे करा. आत गेल्यावर आईने दोन वाक्यांत ओळख करून देऊन पाच मिनिटं बाहेर थांबावं. संबंध, स्राव, शौचाच्या वेळचं दुखणं हे प्रश्न डॉक्टरांना विचारावेच लागतात, आणि आईसमोर त्यांची उत्तरं "नाही, काही नाही" अशीच येतात.